शुगरचं रक्त द्यायच्या सकाळी: घाबरणं, सिगारेट-मशेरी आणि टेन्शनने आकडा वर सरकतो तो कसा टाळायचा

फास्टिंग शुगरचं सॅम्पल द्यायचं म्हटलं की बहुतेक लोक एकच गोष्ट पाळतात, पोटात काही घालायचं नाही. मग सकाळी मशेरी लावतात, लॅबच्या खालच्या टपरीवर सिगारेट ओढतात, उशीर झाला म्हणून तीन जिने धावत चढतात, आणि सुई बघून हात गार पडलेले असताना बाही वर करतात. त्यांच्या मते हे सगळं उपाशीपोटीच झालेलं असतं. खाल्लेलं नसतं हे खरंच आहे, पण रक्तातली साखर फक्त खाण्यातून येत नाही. लिव्हरमध्ये साखर साठवलेली असते आणि वरच्या प्रत्येक गोष्टीमुळे लिव्हर ती साखर रक्तात सोडायला लागतं. आकडा १०० या नॉर्मलच्या किंवा १२६ या डायबेटिसच्या मर्यादेच्या आसपास असेल तर एवढ्यानेसुद्धा रिपोर्टचा अर्थ बदलू शकतो, म्हणून हे क्रमाने लिहितोय.

## आधी एवढं समजून घ्या: काय होतं आणि किती होतं

आपण घाबरलो की किडनीवरच्या छोट्या ग्रंथींमधून ॲड्रिनलिन सुटतं. ते लिव्हरला साठवलेली साखर सोडायला लावतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन द्यायला अडवतं, म्हणजे एकीकडून साखर येते आणि दुसरीकडून ती पेशींमध्ये जायचा रस्ता अरुंद होतो. हे काही मिनिटांत होतं. कॉर्टिसॉल नावाचा दुसरा हार्मोन सावकाश वाढतो पण बराच वेळ टिकतो, रात्रभराच्या काळजीमागे आणि जागरणामागे बहुतेक वेळा हाच असतो. त्यातून कॉर्टिसॉल पहाटे आणि सकाळी तसाही सगळ्यांचा वरच असतो, म्हणजे आपण सॅम्पल देतो ती वेळच मुळात थोडी चढाची आहे.

निकोटिनचा रस्ताही हाच. सिगारेटचं निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत जातं आणि ॲड्रिनलिन सोडायला लावतं. चुना लावून दाढेखाली ठेवलेली तंबाखू किंवा मशेरी हळू चढते पण जास्त वेळ रक्तात राहते. रक्तातलं निकोटिन निम्मं व्हायला साधारण दोन तास लागतात, त्यामुळे "घरून निघताना एक ओढली होती, आता तास झाला" या म्हणण्याला काही अर्थ नाही, बरंचसं निकोटिन अजून रक्तातच आहे.

आता किती वाढतं, तर सहसा थोडंच. ज्याला डायबेटिस नाही त्याच्या उपाशीपोटीच्या शुगरला घाबरण्याने किंवा एका सिगारेटने काही मिलिग्रॅमचा धक्का बसतो, कधी तेवढाही बसत नाही. ज्याला डायबेटिस आहे त्याच्यात चढउतार जास्त दिसतो, कारण वाढलेली साखर खाली आणायला इन्सुलिन पुरेसं नसतं. पण ९० ची शुगर टेन्शनने १८० होत नाही. मोठा आकडा आला आणि घरचे म्हणाले "अरे तू घाबरला होतास म्हणून आली असेल", तर प्लीज ते ऐकून गप्प बसू नका.

## टप्पा १: तारीख आणि वेळ ठरवताना

अर्धी चूक इथेच होते. सॅम्पल सकाळी सात-साडेसातच्या आसपास द्या, लॅब उघडते तेव्हा. लवकर दिलं की तंबाखू-सिगारेटशिवाय जागं राहायचा वेळ कमी होतो, गर्दी कमी असते, आणि उपास बारा तासांच्या आत राहतो. किमान आठ तास उपास हवा, पण रात्री आठला जेवून दुपारी बाराला सॅम्पल दिलं तर सोळा तास होतात आणि एवढ्या लांब उपासात शरीर स्वतःच हार्मोन्स वाढवून साखर सोडायच्या मागे लागतं.

होम कलेक्शन बोलावत असाल तर एक अडचण धरून चाला. माणूस सात सांगून सव्वाआठला येतो आणि तोवर सिगारेटवाल्याची तगमग होते, शेवटी तो गॅलरीत जाऊन एक ओढतोच. अशा माणसाने सरळ लॅबमध्ये गेलेलं बरं. उलट ज्याला दवाखान्याच्या वासानेच धडधडतं त्याला घरीच बोलवा, स्वतःच्या खुर्चीत बसून रक्त द्यायला सोपं जातं.

थांबा, तारीख पुढे ढकला, जर: ताप, मोठा खोकला किंवा लघवीचं इन्फेक्शन चालू असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, किंवा स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील. आजारपणाचा ताण हा मनाच्या ताणापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि त्यात शुगर खरोखर बरीच वर जाते. बरं झाल्यावर किती आठवड्यांनी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइड मात्र टेस्टसाठी म्हणून स्वतःहून बंद करू नका, ते धोक्याचं आहे. आणि डॉक्टरांनी आजारपणातच शुगर बघायला सांगितली असेल तर ती तेव्हाच द्यायची, तिथे ढकलाढकल नाही.

## टप्पा २: आदल्या दिवशी आणि रात्री

नेहमीचं जेवण नेहमीच्या वेळी, आठ-नऊच्या दरम्यान. टेस्टच्या भीतीने रात्री फक्त काकडी खाऊन झोपणं किंवा दोन दिवस आधीपासून भात-पोळी बंद करणं, दोन्ही नको. त्याने आकडा खोटा होतो, आपल्याला तर खरा हवाय.

जेवणानंतर एक सिगारेट किंवा तंबाखूची चिमूट हवीच असेल तर ती शेवटची आणि उपास सुरू झाला की तंबाखूचाही उपास सुरू, असं ठरवून टाका. पाकीट, पुडी, मशेरीची डबी तुमच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायला घरच्यांना सांगा, कारण पहाटेची पहिली सिगारेट विचार करून ओढली जात नाही, हात सवयीनेच जातो.

झोप हा भाग लोक अगदीच सोडून देतात. रात्रपाळी करून थेट सॅम्पल द्यायला येणारे भरपूर असतात, आणि अपुऱ्या झोपेने शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. नाइट शिफ्ट असेल तर सुट्टीच्या नंतरची सकाळ निवडा.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सकाळचा डोस सॅम्पलच्या आधी की नंतर हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. उपाशीपोटी डोस घेऊन रांगेत बसलं की शुगर ७० च्या खाली घसरू शकते, घाम, थरथर, धडधड होते, आणि लोकांना वाटतं की हे टेन्शन आहे. ते टेन्शन नसतं. असं झालं तर लगेच लॅबवाल्याला सांगा, शुगर चेक करून घ्या, आणि साखर खा, टेस्ट गेली तरी चालेल.

## टप्पा ३: उठल्यापासून लॅबच्या दारापर्यंत

साधं पाणी प्या, हवं तेवढं. पाणी प्यायल्याने शीर सापडायला सोपी जाते आणि सुई दुसऱ्यांदा टोचायची वेळ कमी येते. चहा नको, बिनसाखरेचाही नको आणि काळी कॉफीही नको, कारण कॅफिनसुद्धा ॲड्रिनलिनच्या बाजूनेच काम करतं.

आता तंबाखूचं. सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे आणि तो सिगारेटवाल्यांपेक्षा मशेरी आणि तंबाखूवाल्यांचा जास्त आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आपल्याकडे अनेक घरांत, विशेषतः बायकांमध्ये, ती दात घासायची वस्तू समजली जाते. लॅबमध्ये "तंबाखू खाता का" विचारलं तर मावशी मनापासून "नाही" म्हणतात आणि अर्ध्या तासापूर्वी त्यांनी दहा मिनिटं मशेरी हिरड्यांवर चोळलेली असते. हिरड्यांमधून निकोटिन छान शोषलं जातं. म्हणून आईला, आजीला, सासूबाईंना टेस्टला नेत असाल तर नाव घेऊन विचारा, मशेरी लावली का, तपकीर ओढली का, तंबाखूची पेस्ट घासली का. त्या दिवशी साध्या टूथपेस्टने दात घासायचे किंवा नुसत्या पाण्याने चूळ भरायची. गुटखा आणि मावा तर नकोच, गोड पान आणि तोंडाचा वास जावा म्हणून चघळलेली गोड बडीशेपही नको, त्यात सरळ साखरच असते.

दुसरी खरी अडचण म्हणजे "तंबाखू लावल्याशिवाय पोट साफ होत नाही". ही सबब नाही, निकोटिनने आतड्याची हालचाल खरंच वाढते आणि सवय असलेल्याला त्याशिवाय होत नाही. उपाय साधा आहे, त्या दिवशी कोमट पाणी पिऊन बघायचं आणि नाही झालं तर सॅम्पल देऊन घरी आल्यावर. लवकरची वेळ घ्या म्हटलं ते यासाठी पण.

बरेच जण विचारतात की मी रोजच ओढतो, मग माझी खरी शुगर सिगारेटसकटचीच नाही का? प्रश्न योग्य आहे. पण फास्टिंगच्या ज्या मर्यादा ठरल्यात त्या शांत, उपाशी शरीराच्या आहेत, त्यामुळे तुलना व्हायची तर सॅम्पलही तसंच हवं. रोजच्या सिगारेटचा जो काही परिणाम आहे तो एचबीए१सी मध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीत उतरतोच, एका सकाळच्या संयमाने तो लपत नाही.

निकोटिनचा पॅच किंवा गम चालू असेल तर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारा, स्वतःच पॅच काढून टाकू नका. आणि शिस्त मोडून ओढलीच गेली तर लपवू नका, किती वाजता ओढली ते लिहून ठेवा, पुढे लागेल.

दारात शिरण्याआधी तपासा: पोटात फक्त पाणी. तोंडात काही नाही. धाप लागलेली नाही. लागली असेल तर खालीच दोन मिनिटं उभे राहा आणि मग लिफ्टने किंवा हळूहळू वर जा, धावपळ आणि जिने चढण्यानेही ॲड्रिनलिन सुटतं.

## टप्पा ४: लॅबमध्ये, सुई टोचेपर्यंत

आल्या आल्या हात पुढे करू नका. नाव नोंदवा, पैसे द्या, आणि मग दहा-पंधरा मिनिटं पाठ टेकून बसा. ॲड्रिनलिन रक्तात फार टिकत नाही, भीतीचं कारण थांबलं की ते काही मिनिटांत उतरतं. त्याने रक्तात सोडायला लावलेली साखर मात्र लगेच उतरत नाही, म्हणूनच बसून शांत होण्यापेक्षा आधीच न घाबरणं जास्त कामाचं. त्यासाठी काही साध्या गोष्टी करता येतात. ज्या खुर्चीवरून दुसऱ्यांचं रक्त काढताना दिसतं तिथे बसू नका. फोनवर ऑफिसचे मेसेज आणि आधीचे रिपोर्ट उघडू नका. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, चार मोजत घ्या आणि सहा मोजत सोडा, असं पाच मिनिटं. भीती नेमकी कसली आहे तेही बघा, कारण सुईची भीती आणि रिपोर्टची भीती वेगळ्या असतात. रिपोर्टची भीती असेल तर "आकडा वर आला तरी एकट्या त्यावर सहसा काही ठरत नाही, पुन्हा एक टेस्ट होते" हे स्वतःला सांगता येतं आणि ते खरंही आहे.

सुईची भीती असेल तर रक्त काढणाऱ्याला तोंडाने सांगा. "दादा, मला सुईची भीती वाटते, झोपून घ्या." ते रोज असे लोक बघतात. आधी कधी चक्कर आली असेल तर आडवं होऊनच द्यायचं, बसून नाही. मान दुसरीकडे वळवा, आणि कोणत्या हाताची शीर सहज सापडते ते माहीत असेल तर तोच हात द्या. पहिल्यांदा शीर नाही सापडली आणि तुम्हाला दरदरून घाम फुटला तर लगेच दुसऱ्या हातावर प्रयत्न करू देऊ नका, पाच-दहा मिनिटं थांबायला सांगा, पाणी प्या, हात कोमट करा. असं मागण्यात काही गैर नाही.

निघण्याआधी: सॅम्पल किती वाजता घेतलं ते बघा आणि त्या सकाळी काय वेगळं झालं ते दोन ओळींत फोनमध्ये टाका. उदाहरणार्थ, "झोप ४ तास, ६.४० ला १ सिगारेट, दोनदा टोचलं, खूप घाबरलो."

## टप्पा ५: जेवणानंतरचं सॅम्पल

फास्टिंग झालं की लोकांना सुटल्यासारखं होतं, नाश्ता होतो आणि चहाबरोबर दोन सिगारेट. जेवणानंतरचे दोन तासही टेस्टचाच भाग आहेत. वेळ पहिल्या घासापासून मोजायची आणि सॅम्पल होईपर्यंत तंबाखू नाही, सिगारेट नाही, जास्त चालणंही नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात त्या टेस्टला तर हा नियमच आहे, तिथे दोन तास लॅबमध्येच बसून राहायचं. पोटातून साखर येत असताना ताण आला तर शरीराला ती आवरायला उपाशीपोटीपेक्षा जास्त जड जातं, म्हणून या दोन तासांत बॉसशी फोनवर भांडण नको.

## टप्पा ६: रिपोर्ट हातात आल्यावर

फास्टिंग १०० च्या खाली असेल तर नॉर्मल, १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस, १२६ किंवा जास्त म्हणजे डायबेटिसची मर्यादा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ प्रीडायबेटिस, ६.५ आणि वर डायबेटिस. लक्षणं नसतील तर एका आकड्यावर डायबेटिसचा शिक्का मारत नाहीत, दुसरी टेस्ट लागते. तुमच्या घाबरण्या-ओढण्याची दुरुस्ती करायची जागा हीच, मनातल्या मनात दहा मिलिग्रॅम वजा करणं ही नाही.

एक उदाहरण पूर्ण बघू. समजा ४६ वर्षांचा माणूस, दिवसाला आठ-दहा सिगारेट. कंपनीचं चेकअप होतं, रात्री नऊला जेवला, पाच तास झोपला, सव्वाअकराला नंबर लागला, मधे दोन सिगारेट झाल्या, रांगेत पुढचा माणूस चक्कर येऊन पडलेला त्याने बघितला. शुगर आली ११२. त्याने ठरवलं की हे सगळं टेन्शनचं आहे. दहा दिवसांनी त्याच लॅबमध्ये सव्वासातला, रात्री दहानंतर सिगारेट नाही, सात तास झोप, पंधरा मिनिटं बसून, आडवं होऊन रक्त दिलं. शुगर १०१ आणि एचबीए१सी ५.८.

यातून काय काढायचं? आकडा ११ ने उतरला, पण त्यातला सगळा उतार सिगारेट आणि भीतीचाच होता असं म्हणता येत नाही, कारण काहीही न बदलतासुद्धा एकाच माणसाची फास्टिंग दोन दिवसांत पाच-सहा मिलिग्रॅम इकडेतिकडे होते. आणि मुख्य म्हणजे, नीट घेतलेला आकडाही १०० च्या वरच आहे आणि सरासरीही ५.७ च्या वर आहे. म्हणजे ११२ मध्ये थोडी हवा होती, पण प्रीडायबेटिस खरा आहे. त्याने आता डॉक्टरकडे जाऊन वजन, कंबर, सिगारेट याबद्दल बोलायला हवं. दुसऱ्या वेळी ९३ आणि ५.३ आलं असतं तर गोष्ट वेगळी होती.

एचबीए१सी वर त्या सकाळच्या भीतीचा परिणाम होत नाही, म्हणून शंका आली की ही टेस्ट सोबत करून घ्या. पण तिलाही मर्यादा आहे. लोह कमी असलेल्या ॲनिमियात ती खोटी वर दाखवू शकते, आणि सिकल सेल किंवा थॅलेसेमिया असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल तर तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकल सेल बऱ्यापैकी आहे, तिथल्या वाचकांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अशांना साध्या फास्टिंगवरच जास्त अवलंबून राहावं लागतं, म्हणून वरचे टप्पे त्यांनी जास्त काटेकोर पाळावेत.

इथे वाट बघू नका: शुगर २०० च्या वर आहे, किंवा खूप तहान, सारखी लघवी, न कळत वजन उतरणं यातलं काही आहे, तर "शांत होऊन पुन्हा करू" म्हणत दोन आठवडे घालवू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास असेल तर थेट हॉस्पिटल.

## टप्पा ७: तरी शंका राहिली तर घरच्या मीटरने कसं बघायचं

लोक घरी मीटरवर ९८ बघतात, लॅबमध्ये ११० येते आणि लगेच म्हणतात की बघा, लॅबमध्ये गेल्याने १२ वाढली. असं म्हणता येत नाही. घरच्या मीटरला साधारण १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे व्हायची मुभा असते, तेवढा फरक नुसत्या मशीनचा असू शकतो. बरोबर पद्धत अशी की तेच मीटर आणि त्याच डबीतल्या स्ट्रिप दोन्हीकडे वापरायच्या. सकाळी घरी, साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करून एकदा टेस्ट करा, बोटाला फळाचा रस वगैरे लागलेला असेल तर आकडा खोटा वर येतो. मग मीटर सोबत न्या आणि शिरेतून रक्त काढल्याबरोबर लगेच पुन्हा बोटावर टेस्ट करा. मीटरचे घरचा आणि लॅबमधला हे दोनच आकडे एकमेकांशी ताडायचे, लॅबच्या रिपोर्टशी नाही. एका दिवसात चार-पाचचा फरक दिसला तर त्यातून काही ठरवू नका. पण दोन-तीन वेगवेगळ्या वेळी लॅबमधला आकडा दरवेळी ठळक वरच येत असेल तर तुमच्या बाबतीत दवाखान्याच्या भीतीचा वाटा आहे असं धरायला जागा आहे.

याच्या जोडीला आठवडाभर घरी उठल्या उठल्या, चहा-तंबाखूच्या आधी, एक आकडा घ्या आणि झोप, सिगारेट, वेळ यांच्यासकट लिहा. सातपैकी पाच सकाळी १०० च्या वर येत असेल तर तुमच्याच खोलीत, तुमच्याच पलंगावर बसून ती वर येतेय, तिथे लॅबची भीती कारण म्हणून देता येणार नाही. हा कागद आणि लॅबमध्ये फोनमध्ये टाकलेल्या त्या दोन ओळी, दोन्ही रिपोर्टसोबत डॉक्टरांसमोर ठेवा. त्यांना पुढची टेस्ट तीन महिन्यांनी करायची की याच आठवड्यात, हे त्यावरून ठरवता येतं.